दहा किलोमीटर, सहा मिनिटं

भाताणचा बोगदा मागे पडला की माझ्या मावसभावाचा पाय एक्सिलरेटरवर आपोआप जड होतो. गेल्या महिन्यात मुंबईहून पुण्याला आम्ही त्याच्याच गाडीतून निघालो होतो. काटा १३० च्या आसपास. डॅशबोर्डवरच्या मोबाइलमधून आवाज आला, ‘पुढे कॅमेरा आहे.’ त्याने ब्रेक दाबला, मागच्या सीटवर डुलकी काढणाऱ्या मावशीचं डोकं पुढच्या सीटवर आदळलं आणि मागून येणाऱ्या गाडीने हॉर्न वाजवत लेन बदलली. कॅमेऱ्याखालून आम्ही ९५ ने गेलो. खांब मागे पडला, तसा काटा पुन्हा वर चढला. मावशी कपाळ चोळत म्हणाली, “अरे, काय झालं?” तो म्हणाला, “काही नाही गं, कॅमेरा होता.”

त्याच्या लेखी वेगमर्यादा रस्त्याला नाहीच, ती कॅमेऱ्याला आहे. हा एकट्याचा दोष मानायला मी तयार नाही. वीस वर्षं आपण याच पद्धतीने वेग तपासत आलो. आधी झुडपाआड स्पीड गन घेऊन उभा असलेला हवालदार आणि मग खांबावरचा कॅमेरा. दोघांनीही ड्रायव्हरला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे कुठे हळू व्हायचं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये नवी वाहतूक नियंत्रण यंत्रणा सुरू झाली. त्यात एका जागेवर वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांबरोबर रस्त्यावर आडव्या उभारलेल्या, कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेग काढणारी सोयही आहे. अनेकांना हे दोन्ही एकच वाटतात. ‘अजून कॅमेरे लावले, अजून चलनं फाडणार’ असं म्हणून विषय संपवला जातो. पण या दोन पद्धतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझं ठाम मत आहे की मोकळ्या, सलग रस्त्यावर सरासरी वेगाचीच तपासणी मुख्य असावी आणि एका जागेवरचे कॅमेरे मोजक्या धोक्याच्या ठिकाणांपुरते राहावेत. मात्र सरासरी काढण्याचं काम नीट केलं नाही, तर तिच्यातून सुटायच्या वाटाही तितक्याच रुंद असतात.

खांबावरचा कॅमेरा रडार किंवा लेझरने गाडीचा त्या क्षणाचा वेग मोजतो. त्याची नजर काही मीटरांची. त्याआधी आणि त्यानंतर गाडी काय करत होती, हे त्याला माहीत नसतं. दुसऱ्या पद्धतीत कुठलाच कॅमेरा वेग मोजत नाही. पहिली कमान नंबरप्लेट वाचते आणि वेळ नोंदवते. पुढची कमान तोच नंबर पुन्हा वाचते आणि तिथली वेळ नोंदवते. मधलं अंतर आधीच मोजून ठेवलेलं असतं. बाकी उरतो तो शाळेतला भागाकार.

समजा दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर आहेत आणि कारसाठी मर्यादा ताशी १०० आहे. म्हणजे हे अंतर कापायला कमीत कमी सहा मिनिटं लागलीच पाहिजेत. माझा भाऊ त्यातले नऊ किलोमीटर १३० ने गेला आणि मध्ये खांबावरच्या कॅमेऱ्यासाठी एक किलोमीटर ९५ ने. नऊ किलोमीटरना चार मिनिटं नऊ सेकंद, एका किलोमीटरला अडतीस सेकंद, एकूण चार मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. खांबावरच्या कॅमेऱ्याच्या हिशेबी तो सज्जन. दोन कमानींच्या हिशेबी त्याचा वेग ताशी १२५. त्या ब्रेक मारण्याने त्याला काही मिळालं नाही, मावशीच्या कपाळाला टेंगूळ आलं तेवढंच.

आता उलटं उदाहरण घेऊ, कारण न्यायाचा प्रश्न तिथे आहे. एक बाई शांतपणे ९५ ने चालल्या आहेत. पुढे दोन ट्रक जवळपास एकाच वेगाने शेजारी-शेजारी, आणि तिसऱ्या लेनमधून त्यांना ओलांडताना बाईंनी पंधरा सेकंद १२० चा वेग घेतला. नेमका तिथे खांब असेल, तर चलन आलं. सरासरीत मात्र ते पंधरा सेकंद म्हणजे अर्धा किलोमीटर, उरलेले साडेनऊ किलोमीटर ९५ ने, एकूण सव्वासहा मिनिटं, सरासरी ९६. चलन नाही. एका जागेवरच्या कॅमेऱ्याने बाईंना पकडलं आणि माझ्या भावाला सोडलं, दोन कमानींनी बाईंना सोडलं आणि भावाला पकडलं. या रस्त्यावर धोका कोणापासून आहे, हे रोज ये-जा करणाऱ्याला विचारा. काँक्रीटच्या तापलेल्या रस्त्यावर, हवा कमी भरलेल्या टायरवर, तासभर सलग १३० ने गाडी हाणली की टायर तापत जातो आणि फुटतो. तो धोका सलग वेगाचा आहे, आणि सलग वेग मोजायला सलग अंतरच लागतं.

म्हणून खांबावरचे कॅमेरे काढून टाका, असं मी म्हणत नाही. अंध वळण, बोगद्याचं तोंड, गाव जिथे रस्त्याला येऊन भिडतं ती जागा, अशा ठिकाणी ते पंधरा सेकंदच जीव घेतात. तिथे क्षणाचाच वेग महत्त्वाचा, तिथे खांबच हवा, आणि अर्धा किलोमीटर आधी मोठा फलकही हवा. त्या जागी गाडीने हळू होणं एवढाच हेतू असेल, तर लपवायचं कशाला?

‘कायद्यात सरासरी वेग कुठे आहे? मर्यादा तर त्या-त्या क्षणाची आहे,’ असा एक आक्षेप वकील मंडळी घेतात. आक्षेप ऐकायला जोरदार आहे, पण गणितात टिकत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ कमाल वेगापेक्षा जास्त वेगाने गाडी चालवायला मनाई करतं आणि कलम १८३ त्याची शिक्षा सांगतं. दहा किलोमीटरची सरासरी १२५ आली, तर त्या दहा किलोमीटरांत कुठे ना कुठे गाडी निदान १२५ ने धावलीच असली पाहिजे. सतत १०० च्या आत राहून १२५ ची सरासरी गाठता येत नाही. म्हणजे सरासरी हा क्षणाच्या वेगाचा पुरावाच आहे, आणि तोही ड्रायव्हरच्या बाजूने झुकलेला, कारण खरा कमाल वेग सरासरीपेक्षा कमी असूच शकत नाही. शिवाय कलम १८३ असंही सांगतं की केवळ एका साक्षीदाराला ‘गाडी जोरात होती’ असं वाटलं म्हणून दोषी धरता येणार नाही, तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला हवा. दोन घड्याळं आणि मोजलेलं अंतर यापेक्षा साधं उपकरण कुठलं?

खरी कसोटी आहे ती अंतराची आणि घड्याळाची. दोन्ही कमानींची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. टप्पा एकच किलोमीटरचा असेल, तर ताशी १०० ने तो छत्तीस सेकंदांत संपतो. घड्याळ एका सेकंदाने चुकलं की नियमाने चालणाऱ्याचा वेगही १०३ च्या घरात दिसतो. तोच टप्पा दहा किलोमीटरचा असेल, तर एका सेकंदाच्या चुकीने १०० चे जेमतेम १००.३ होतात. टप्पा लांब, तितकी चूक विरघळते. अंतराचंही तसंच. रस्ता वळतो तिथे आतल्या लेनमधून जाणाऱ्याला कमी अंतर पडतं. काटकोनात वळणाऱ्या रस्त्यावर पहिली आणि तिसरी लेन यांत साधारण बारा मीटरचा फरक निघतो. म्हणून अंतर मोजताना गाडीला शक्य असलेला सर्वांत आखूड मार्ग धरायचा असतो, सगळी वळणं आतून काढलेली. तसं केलं की चूक झालीच तर ती ड्रायव्हरच्या फायद्याची होते. कमानीवरच्या कॅमेऱ्यांचा कोन बदलला किंवा कमान हलवली, की हे अंतर पुन्हा मोजावं लागतं. तेव्हा अमुक टप्प्याचं अंतर कोणी, कधी आणि कसं मोजलं, हे जाहीर झालंच पाहिजे. तो आकडा गुप्त ठेवायचं काहीही कारण मला दिसत नाही.

टप्पा लांब असावा म्हटलं तरी कितीही लांब चालत नाही. मध्ये फूड मॉल आला की हिशेब कोसळतो. दहा किलोमीटर १३० ने कापायला चार मिनिटं सदतीस सेकंद लागतात. मध्ये दीड मिनिट थांबलं की झाली सहा मिनिटांवर. वडापाव घेऊन परत गाडीत बसायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे फूड मॉल पोटात घेतलेल्या टप्प्यात चहाला थांबणारा प्रत्येक जण आपोआप निर्दोष ठरणार. याहून वाईट म्हणजे काही जण पुढच्या कमानीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावून मिनिटं मोजत बसतील. द्रुतगती मार्गावर कडेला उभ्या गाडीवर मागून येणारं वाहन आदळणं ही या रस्त्यावरची सर्वांत भयानक गोष्ट. यावर उपाय असा, की टप्पे फूड मॉल, टोलनाका आणि बाहेर पडायचे फाटे टाळून आखायचे आणि शेवटच्या किलोमीटरभर कडेला थांबणाऱ्यांवर वेगळी नजर ठेवायची.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, आणि ती घाटाच्या तोंडाशी होऊ शकते. सपाटीवर कारला १०० ची मर्यादा, घाटात ६० ची. समजा एखाद्या टप्प्यात सहा किलोमीटर सपाटी आणि चार किलोमीटर घाट आला. सपाटीला कमीत कमी तीन मिनिटं छत्तीस सेकंद, घाटाला चार मिनिटं, एकूण सात मिनिटं छत्तीस सेकंद. आता एक गाडी सपाटीवर ट्रकांच्या रांगेत अडकून ७० ने चालली. तिला तिथे पाच मिनिटं नऊ सेकंद लागले. मग मोकळी वाट मिळताच ती घाटात ९५ ने सुटली आणि ते चार किलोमीटर तिने अडीच मिनिटांत काढले. एकूण सात मिनिटं चाळीस सेकंद. यंत्रणेच्या लेखी ही गाडी निर्दोष! ६० च्या घाटात, जिथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, तिथे ९५ ने गेलेली गाडी. सपाटीवरच्या नाइलाजाच्या संथपणाने घाटातल्या वेडेपणाचं बिल भरलं. म्हणून एका टप्प्यात एकच मर्यादा, हा नियम अपवादाशिवाय पाळायला हवा. घाट सुरू होतो तिथे एक कमान, संपतो तिथे दुसरी, आणि मध्ये जमेल तितक्या.

उतारावरच्या ट्रकांसाठी तर या मधल्या कमानी फार मोलाच्या. बोरघाट उतरताना भरलेला ट्रक सतत ब्रेकवर राहिला की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली, तर सगळा भार ब्रेकवरच येतो. खाली उभ्या गाड्यांच्या रांगेत असा ट्रक घुसल्यावर काय होतं, ते आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. समजा ट्रकला ताशी ४० ची मर्यादा आहे आणि पाच किलोमीटरचा उतार आहे. त्याला साडेसात मिनिटं लागायला हवीत. पहिले अडीच किलोमीटर त्याने पावणेतीन मिनिटांतच कापले, तर त्याची सरासरी ५४ च्या वर आहे, हे मधल्या कमानीला त्याच क्षणी कळतं. आठवड्याने घरी चलन पाठवून त्याचा उपयोग नाही. त्याच कमानीपुढच्या फलकावर त्या ट्रकचा नंबर आणि ‘वेग कमी करा, गिअर उतरवा’ हे शब्द झळकले, तर ब्रेक अजून शाबूत असताना त्याला सावरता येईल.

खुद्द मुंबईत याहून सोपी जागा आहे. अटल सेतूचा समुद्रावरचा भाग सुमारे साडेसोळा किलोमीटरचा आहे. त्यावर ना फूड मॉल, ना सिग्नल, ना फाटा. शिवडीकडून चढलात की पार पलीकडेच उतरायचं. १०० च्या मर्यादेने तो भाग कापायला नऊ मिनिटं चोपन्न सेकंद लागतात. सरासरीच्या पद्धतीसाठी याहून सरळ टप्पा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. ब्रिटनमध्ये वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या आरएसी फाउंडेशनने २०१६ साली अशा टप्प्यांचा अभ्यास केला, तेव्हा यंत्रणा बसल्यानंतर प्राणघातक आणि गंभीर अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तिथले रस्ते आणि आपले रस्ते वेगळे आहेत, मान्य. पण ब्रेक मारून पुन्हा सुसाट सुटायची सवय दोन्हीकडे सारखीच.

आता चलनाबद्दल, कारण लोकांचा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मला मोबाइलवर एक चलन आलं. फोटोत पावसाचा पडदा, एक पांढरी गाडी आणि नंबरप्लेटचे शेवटचे दोन आकडे पुसट. माझी गाडी पांढरीच आहे, पण त्या दिवशी ती सोसायटीत उभी होती. तक्रार केली, उत्तर आलं नाही. शेवटी लोक अदालतीत जायला सुट्टी घेण्यापेक्षा पैसे भरून टाकले. त्या दिवशी यंत्रणेवरचा माझा विश्वास गेला, आणि दंडाची रक्कम त्या मानाने काहीच नव्हती.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेला नियम १६७-अ सांगतो की चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, उपकरणाने घेतलेलं मोजमाप आणि तारीख, वेळ, जागा द्यावी. उपकरणाचं मंजुरीपत्र दर वर्षी नवं करून घ्यावं, असंही तोच नियम म्हणतो. खांबावरच्या कॅमेऱ्याचं मोजमाप म्हणजे एक आकडा. सरासरीच्या पद्धतीत मोजमाप एवढं नसतं. तिथे दोन फोटो, सेकंदापर्यंतच्या दोन वेळा, मधलं अंतर आणि त्या अंतराला लागायला हवा असलेला किमान वेळ, इतकं सगळं मिळून मोजमाप होतं. यातलं काहीही गाळून नुसतं ‘वेग १२५’ असं लिहून पाठवलं, तर ते अर्धवट चलन आहे, असं मी म्हणेन. चारही गोष्टी असतील, तर पाचवीतलं पोरही भागाकार करून पडताळा घेईल. रडारच्या आकड्याचा पडताळा सामान्य माणसाला कधीच घेता येत नव्हता. ही पद्धत त्याच्या हातात तो हक्क देते, तो कागदावर उतरला पाहिजे.

दोन फोटोंचा आणखी एक फायदा आहे. चोरीच्या गाड्यांवर दुसऱ्याचा नंबर लावायचा धंदा मुंबईला नवा नाही. तोच नंबर पहिल्या कमानीखाली एका गाडीवर आणि पुढच्या कमानीखाली मिनिटभरात दुसऱ्या गाडीवर दिसला, तर यंत्र ताशी ६०० चा वेग काढेल. असा आकडा चलन म्हणून पाठवणं हा मूर्खपणा, पण माणसाने बसून दोन्ही फोटो शेजारी ठेवले, तर तोच आकडा बनावट नंबरप्लेट पकडून देतो. त्यासाठी चलन सुटण्याआधी डोळ्यांखालून घालणारा माणूस हवा.

या पद्धतीची एक किंमत आहे, ती लपवून मी तिची बाजू घेणार नाही. खांबावरचा कॅमेरा फक्त जोरात जाणाऱ्याचा फोटो ठेवतो. सरासरीला मात्र प्रत्येक गाडीची नोंद करावीच लागते, कारण पहिल्या कमानीपाशी कोण गुन्हा करणार हे कोणालाच माहीत नसतं. जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्यात बी-६ रस्त्यावर हीच यंत्रणा सुरू केली, तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाने ती थांबवली. नियम पाळणाऱ्यांच्या नंबरांची नोंद घ्यायला कायद्याचा आधार नाही, हे कारण. तिथे कायदा बदलला गेला आणि मगच यंत्रणा पुन्हा चालू झाली. आपल्याकडेही हे लेखी यायला हवं. गाडी पुढच्या कमानीखालून मर्यादेत गेली, की तिची पहिली नोंद तिथेच पुसली जावी. कोण कधी लोणावळ्याला गेलं, याची वही सरकारने ठेवायचं काम नाही.

दादरहून पुण्याला जाणाऱ्या टॅक्सीत परवा हाच विषय काढला. ड्रायव्हर साठीचे होते, पंचवीस वर्षं याच रस्त्यावर. म्हणाले, “दादा, आम्हाला हौस नाही पळवायची. फेरी किती वाजता लागली ते मालक बघतो. उशीर झाला की पुढची फेरी दुसऱ्याला.”

कलम १८३ मध्ये याचंही उत्तर आहे, फक्त ते कोणी वापरत नाही. नोकराला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणाराही त्यात दोषी आहे. आणि मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असं वेळापत्रक किंवा आदेश कोणी दिला, तर तो देणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. हा कायदाच मुळात सरासरीने विचार करतो, अंतर भागिले वेळ. आजवर ड्रायव्हरपाशी दाखवायला काही नव्हतं. आता एकाच मालकाच्या दहा गाड्या रोज त्याच टप्प्यात मिनिटभर लवकर पोचत असतील, तर ते कमानींच्या नोंदीत दिसेल. ती चलनं दहा ड्रायव्हरांच्या पगारातून कापली जाण्याआधी कोणीतरी त्या मालकाला बोलावून विचारलं पाहिजे, की तू यांना किती वेळ दिला होतास.